एसटीनं वर पाठवलेला आवाज

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे घोडेगावात कुणालाही विचारा. स्टँडजवळ माझं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कुणी पेन ड्राइव्ह हिसका मारून उपटला की मी त्याच्या वयाचा विचार न करता बोलते. माहेर महाळुंगे पडवळ, सासर शिनोली. दोन्हीकडचे लोक म्हणतात, हिच्या तोंडाला लागू नये. पण कंप्युटर बिघडला की दोन्हीकडचे लोक माझ्याकडेच येतात, त्यामुळे माझं काही अडत नाही.

ज्या आठवड्याबद्दल सांगतेय त्या आठवड्यात मात्र माझंच तोंड बंद झालं होतं. चूक माझी होती, शंभर टक्के माझी, आणि ती मी ज्या माणसाच्या बाबतीत केली तो माणूस माझ्यावर एकदाही चिडला नाही. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

डिंभे धरणाच्या वर, डोंगराच्या आतल्या अंगाला एक निवासी शाळा आहे. भात, नाचणी करणाऱ्या घरांची पोरं तिथं शिकतात. तिथले इतिहासाचे गुरुजी माझ्याच माहेरचे. लहानपणी तापात त्यांची दृष्टी गेली. आमच्या गावात ते शिकले, पुढं पुण्याला शिकले, आणि गेली अकरा वर्षं ते या शाळेत आहेत. वर्गात ते असे शिकवतात की मागच्या बाकावरचं पोरगंसुद्धा जांभई द्यायची विसरतं. मी एकदा खिडकीबाहेर उभी राहून ऐकलंय, म्हणून सांगतेय.

त्यांचं दुखणं एकच होतं. परीक्षेचा पेपर ते स्वतः काढायचे, पण लिहायचं कुणीतरी दुसरं. ते तोंडानं सांगणार, सोबतचे शिक्षक कागदावर उतरवणार, मग कुणीतरी टाइप करणार, कुणीतरी वाचून दाखवणार. सगळी चांगली माणसं, कुणी कधी पेपर फोडला नाही. पण गुरुजी मला एकदा म्हणाले, "ताई, माझा पेपर वर्गात जायच्या आधी चार जणांनी वाचलेला असतो. न वाचलेला फक्त मीच."

हसत म्हणाले, पण मला काही हसू आलं नाही.

शाळेच्या कंप्युटरच्या खोलीत दहा मशिनी होत्या. त्यातल्या कोपऱ्यातल्या एकीवर पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर होतं. गुरुजींनी त्यावर मराठी टायपिंग शिकून घेतलं. बोटं अशी चालायची की माझ्या दुकानात काम शिकायला येणाऱ्या पोरींनी बघावं. अडचण एवढीच की ते सॉफ्टवेअर फार जुनं होतं. एक पान होईपर्यंत नीट बोलायचं, दुसऱ्या पानावर गेलं की अडखळायचं आणि शेवटी बंद पडायचं. पेपर असतो तीन पानांचा. नव्या आवृत्तीत तो दोष काढलाय हे मला माहीत होतं. म्हणजे अपडेट केलं की काम झालं.

आणि अपडेट करायचं कसं? त्या खोलीत इंटरनेट नाही. वायर तिथवर गेलेली नाही आणि मोबाइलची रेंज शाळेत अजिबात नाही. शाळेमागची टेकडी चढून गेलं की वर एक मोठा धोंडा आहे, त्याच्यावर बसलं तर दोन काड्या येतात. अख्खं गाव फोन करायला त्या धोंड्यावर जातं. गुरुजीही काठी घेऊन रोज संध्याकाळी पाचनंतर जातात, घरी आईला फोन लावतात. मशीनच खाली दुकानात आणावी, तर मुख्याध्यापक म्हणाले, "ताई, सरकारी सामान आहे. गेटच्या बाहेर काढायचं तर वरच्या ऑफिसचं पत्र लागतं." पत्राला किती दिवस लागतात ते मला ठाऊक आहे, म्हणून मी तो विषय तिथंच सोडला.

इंटरनेट नसलेल्या मशीनला अपडेट द्यायचं काम मी कितीतरी वेळा केलंय. दुकानात पॅकेजं उतरवायची, पेन ड्राइव्हवर घ्यायची, वर न्यायची, तिथं बसवायची. अवघड काय त्यात? असं मला वाटायचं.

गुरुजींचा निरोप आला तेव्हा शनिवारी बारापर्यंत सगळ्यांचे पेपर पाकिटात बंद करून मुख्याध्यापकांच्या कपाटात जायचे होते. निरोपात त्यांनी म्हटलं होतं, "जमलं तर या वेळचा पेपर मी स्वतः करीन. नाही जमलं तर नेहमीसारखं." ते 'नेहमीसारखं' मला टोचलं. मी म्हटलं, न जमायला काय झालं? बुधवारी येते.

माझ्या दुकानातल्या मशीनवरही तीच सिस्टिम आहे, त्याच आवृत्तीची. मी मंगळवारी तिच्यावर कमांड दिली, की वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आणि त्याचा आवाज, दोन्ही नवीन उतरव, बसवू नकोस. तिनं तीन पॅकेजं उतरवली. तीनच? मला आनंदच झाला. ती मी पेन ड्राइव्हवर घेतली, पेन ड्राइव्ह व्हायरससाठी तपासून घेतला आणि बुधवारी दुपारच्या एसटीनं वर गेले.

आता माझी चूक सांगते, म्हणजे पुढचं समजेल. एखादं सॉफ्टवेअर एकट्यानं चालत नाही, त्याला खालून आधार देणारी बाकीची पॅकेजं लागतात. आपण उतरवायला सांगितलं की मशीन आधी स्वतःकडं काय आहे ते बघते आणि जे नाही तेवढंच आणते. दुकानातली मशीन मी रोज अपडेट करते, तिच्याकडं आधाराची सगळी पॅकेजं नवी होती. म्हणून तिनं तीनच आणली. शाळेतली मशीन बसवल्यापासून कधी अपडेटच झालेली नव्हती. म्हणजे दिवाळीची वाणसामानाची यादी मी माझ्या घरचे डबे बघून केली आणि सामान नेऊन टाकलं दुसऱ्याच्या घरात. पदरी इतक्या वर्षांचा अनुभव असून हे मला सुचू नये? कपाळ माझं.

शाळेत गेले. गुरुजी माझ्या पायाच्या आवाजावरून म्हणाले, "या, माहेरवाशीण." मी रुबाबात खुर्ची ओढली, पेन ड्राइव्ह लावला आणि तिन्ही पॅकेजं एका दमात बसवायची कमांड दिली. पडद्यावर दोन ओळी नीट आल्या, मग तांबड्या अक्षरांत तक्रार. अमुक एक आधाराचं पॅकेज लागतं, त्याची नवी आवृत्ती हवी, इथं जुनी आहे, म्हणून बसवणं अर्धं राहिलं.

अर्धं राहिलं म्हणजे जुनं निघून गेलेलं आणि नवं उभं न राहिलेलं. मी वाचन सुरू करून पाहिलं. काही नाही. पुन्हा केलं. काही नाही. एक पान तरी बोलणारी मशीन मी मुकी करून ठेवली होती.

"झालं का ताई?" गुरुजींनी विचारलं.

मी म्हटलं, "गुरुजी, एक पॅकेज कमी पडलंय. आणि... आता जुनाही आवाज येत नाहीये."

ते म्हणाले, "बरं. मग आता काय करायचं?"

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. पाचची गाडी, खाली जाणारी शेवटची. मी कमी पडलेल्या पॅकेजचं नाव तळहातावर लिहिलं, पर्स उचलली आणि पळाले. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की पेन ड्राइव्ह मशीनलाच राहिलाय. स्वतःवर इतकी चिडले की शेजारच्या बाईनं विचारलं, "काय गं, भांडून आलीस का कुणाशी?"

दुकानात येऊन तळहातावरचं पॅकेज शोधलं. त्याला आणखी दोन लागत होती. त्या दोघांना आणखी चार. आणि त्यातली कुठली शाळेतल्या मशीनवर आहेत, कुठली नाहीत, कुठली जुनी आहेत, हे मला इथं बसून कसं कळणार? तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. त्या सिस्टिममध्ये एक फाइल असते. मशीनवर काय काय बसवलंय आणि कुठल्या आवृत्तीचं, त्याची पूर्ण यादी तिच्यात असते. ती फाइल हाती आली, तर दुकानातल्या मशीनला सांगता येतं की तू स्वतःकडं बघू नकोस, ही यादी बघ आणि हिच्यात जे कमी आहे ते सगळं आण. ती फाइल वर असताना दहा सेकंदांत घेता आली असती. तेव्हा मी गाडीच्या मागं पळत होते.

तेवढ्यात गुरुजींचाच फोन आला. धोंड्यावरून.

"ताई, घरी पोचलात का व्यवस्थित?"

"माझं पोचणं राहू द्या गुरुजी," मी म्हटलं, "मला तुमच्याकडून एक काम करून हवंय. तुमची मशीन बोलत नाहीये, पण तुम्हाला टाइप तर करता येईल ना?"

"बोटं मुकी झाली नाहीत माझी."

मी त्यांना सांगितलं, कुठल्या तीन कळा एकदम दाबल्या की कमांडची खिडकी उघडते, आणि मग ती फाइल पेन ड्राइव्हवर उचलून ठेवायची कमांड एकेक अक्षर करून सांगितली. तिरकी रेघ कुठं, मोकळी जागा कुठं, कॅपिटल कुठं. पलीकडून टिक टिक आवाज येत होता. जुन्या कॅलेंडरच्या जाड पानावर ते ब्रेलच्या पाटीनं टोचून घेत होते. सगळं झाल्यावर त्यांनी ते मला परत वाचून दाखवलं. एक खूण चुकली नव्हती.

"दुसऱ्या कुणाला बसवता का शेजारी? पडद्यावर बघायला?" मी विचारलं.

"बघू," ते म्हणाले. त्या 'बघू'चा अर्थ मला कळला. ते कुणाला बसवणार नव्हते.

आता ड्राइव्ह खाली कसा येणार? आमच्याकडं त्याची सोय जुनीच आहे. एसटीचा कंडक्टर. औषध, चष्मा, लग्नाची पत्रिका, विहिरीच्या मोटरचा पार्ट, सगळं वरून खाली आणि खालून वर तोच नेतो. त्यानं ड्राइव्ह जेवणाच्या डब्याच्या वरच्या खणात ठेवून गुरुवारी सकाळी अकराला माझ्या काउंटरवर आणून ठेवला.

"घ्या ताई. भाकरीच्या वरच्या खणात ठेवला व्हता, भाजीत न्हाई पडला. गुरुजी म्हनले, लई जपून न्या."

मी हात पुसून ड्राइव्ह लावला. फाइल होती. नाव बरोबर. आकार शून्य.

मी कपाळाला हात लावला. मशीन पेन ड्राइव्हवर लगेच लिहीत नाही, आधी स्वतःजवळ धरून ठेवते आणि मग सवडीनं उतरवते. गुरुजींनी कमांड दिली आणि ड्राइव्ह काढला असणार. त्यांना कोण सांगणार की अजून उतरवायचं बाकी आहे? सांगायला हवं होतं मी. पेन ड्राइव्ह उपटला म्हणून अख्ख्या तालुक्यावर ओरडणारी बाई मी, आणि जिथं सांगायची गरज होती तिथं विसरले.

"काय झालं?" कंडक्टर म्हणाला. "माझ्याकडनं काय चुकलं का?"

"तुमच्याकडून नाही भाऊ. माझ्याकडून."

"आँ?" तो खरोखर दचकला. "हे तुमच्या तोंडून पयल्यांदाच ऐकतोय राव."

दोनच्या गाडीनं ड्राइव्ह त्याच्याच हाती परत वर पाठवला. आणि पाच वाजेपर्यंत बसून विचार केला की न दिसणाऱ्या माणसाला, न बोलणाऱ्या मशीनवर, काम पूर्ण झाल्याचं कळणार कसं? सुचलं ते इतकं साधं होतं की मला नाचावंसं वाटलं. मशीनचा वाचणारा आवाज गेला होता, पण स्पीकर तर शाबूत होता! सिस्टिममध्ये घंटीच्या आवाजाची एक तयार फाइल असते, तिला वाचणाऱ्या सॉफ्टवेअरची काही गरज नसते. कमांडला कमांड जोडता येते अशी, की आधीची नीट पार पडली तरच पुढची सुरू होते. फाइल उचल, पेन ड्राइव्हवर पूर्ण उतरव, आणि उतरून झालं तरच घंटी वाजव.

पाचला फोन आल्याआल्या मी आधी माफी मागितली, मग नवी कमांड सांगितली. टिक टिक टिक. ही लांबलचक होती, दोनदा सांगावी लागली.

"म्हणजे घंटी वाजली तर काढायचा," गुरुजी म्हणाले. "आणि नाही वाजली तर?"

"नाही वाजली तर कुठंतरी अक्षर चुकलंय. पुन्हा टाइप करा. घंटी वाजेपर्यंत हात लावायचा नाही ड्राइव्हला."

"शाळेतल्या माणसाला घंटीची वाट बघायला शिकवता होय ताई!" असं म्हणून ते मोठ्यानं हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा मलाही हसू आलं.

गुरुवारची शेवटची गाडी वर गावातच मुक्कामाला असते आणि सकाळी पहिली म्हणून खाली येते. म्हणजे शुक्रवारी सकाळी ड्राइव्ह माझ्या हातात. कंडक्टरनं या वेळी तो डब्यात ठेवला नव्हता, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून वर सेफ्टी पिन लावली होती. गाडी उभी करून स्वतः दुकानात आला.

"ताई, काल संध्याकाळी मी शाळेतच व्हतो. गुरुजींनी दार लावून घेतलं व्हतं. आमी सगळे बाहेर. पयल्यांदा काय वाजलं न्हाई. दुसऱ्यांदा न्हाई. तिसऱ्यांदा वाजली बगा घंटी, आणि गुरुजी आतून असं वरडले, मला वाटलं पाल पडली अंगावर."

या वेळी फाइल पूर्ण होती. पानंच्या पानं. त्या मशीनचा सगळा संसार तिच्यात लिहिलेला. माझ्या मशीनला ती यादी दाखवली आणि विचारलं, आता सांग, हिला काय काय लागेल? उत्तर आलं, सत्तावीस पॅकेजं. आणि मी नेली होती तीन! मला एकाच वेळी लाज वाटली आणि आनंद झाला. सत्तावीस तर सत्तावीस, निदान आता कळलं तरी.

ती उतरवली. ड्राइव्हवर घेतल्यावर पुन्हा एकेक तपासली, मूळ फाइल आणि ड्राइव्हवरची फाइल अक्षरनअक्षर जुळते का त्याची. घंटीचं ज्ञान दुसऱ्याला देऊन स्वतः उपटला तर काय उपयोग? नवरा म्हणाला, "तू एवढी शांत का आहेस? बरं नाही का?" मी म्हटलं, शनिवारी दुपारी बोलते.

शनिवारी सकाळी सातची गाडी. शिनोली गेली, डिंभे गेलं, धरणाच्या कडेकडेनं वर चढलो. कंडक्टरनं मला पुढची सीट दिली आणि गाडीतल्या प्रत्येकाला सांगितलं की ताई गुरुजींचा आवाज घेऊन चालल्यात. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "का, गुरुजींचा घसा बसला का?" मग त्याला समजावण्यात दोन वळणं गेली. मी खिडकीबाहेर बघत पर्स छातीशी धरून बसले होते. मनात एकच, आज नाही झालं तर हा माणूस पुन्हा कुणाच्या तरी शेजारी बसून आपला पेपर सांगणार, आणि तो माझ्यामुळे.

पावणेनऊला शाळेत पोचले. गुरुजी आधीच कोपऱ्यातल्या मशीनपुढं बसलेले. धुतलेला शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. मुख्याध्यापक दारात उभे. स्वयंपाकघरातल्या मावशी हातातला झारा घेऊनच आल्या होत्या.

मी खुर्चीत बसले. या वेळी रुबाब नाही. सत्तावीस पॅकेजं आधी पेन ड्राइव्हवरून मशीनवर एका फोल्डरमध्ये घेतली, म्हणजे मध्येच ड्राइव्ह सैल झाला तरी अडायला नको. मग सगळी एकदम दिली. एकेक करून दिली तर कुणाआधी कोण हे आपल्याला बघावं लागतं, एकदम दिली की तो क्रम मशीन स्वतः लावते. बुधवारी अर्धी राहिलेली तिन्ही त्यातच होती. एंटर दाबलं.

ओळी सरकायला लागल्या. उघडतोय, बसवतोय, उघडतोय, बसवतोय. मी तांबडं अक्षर शोधत होते. मावशींनी विचारलं, "लाइट न्हाई ना जायची?" आणि मी त्यांच्याकडं असं बघितलं की त्या झारा पदराआड घेऊन गप्प झाल्या.

तांबडं काही आलं नाही. शेवटची ओळ आली आणि खाली नुसती कमांडची खूण लुकलुकत राहिली. मी मशीन बंद करून पुन्हा सुरू केली. पडदा आला. मी वाचन सुरू करायच्या कळांकडं हात नेला, तेवढ्यात गुरुजींनी माझा हात अलगद बाजूला केला आणि स्वतः दाबल्या.

दोन क्षण काहीच नाही. मग त्या मशीनमधून सपाट, कोरडा, बिनसुराचा आवाज आला आणि त्यानं पडद्यावर काय आहे ते मराठीत सांगायला सुरुवात केली.

"अगं बाई!" मावशी म्हणाल्या. "कोन बोललं?"

मला रडू आलं. खरंच आलं, लपवत नाही. असा रुक्ष आवाज, पोस्टातल्या माणसानं पावतीचा नंबर वाचावा तसा, आणि मला तो जगातला सगळ्यात गोड वाटला. कोण म्हणेल मी रडणारी बाई आहे म्हणून! गुरुजींनी लिहायचं सॉफ्टवेअर उघडलं, कोरं पान घेतलं, चार ओळी टाकल्या, मग पुढच्या पानावर गेले. मशीन बोलत राहिली. मग तिसऱ्या पानावर. बोलत राहिली. अडखळली नाही, थांबली नाही. त्यांनी ते सेव्ह न करता बंद केलं आणि हात मांडीवर ठेवले.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"साडेनऊ," मुख्याध्यापक म्हणाले. "अडीच तास आहेत. सर, लागलं तर मी बसतो शेजारी. नेहमीसारखं. तुम्ही सांगा, मी बघत जातो चूक-बीक."

चांगल्या मनानंच म्हणाले ते. इतकी वर्षं लिहून देण्यात त्यांचाही हात होता. गुरुजी त्यांच्याकडं वळले आणि फार आदबीनं म्हणाले, "नको सर. तुम्हीसुद्धा बाहेर थांबा."

मुख्याध्यापक बाहेर गेले. मावशी गेल्या. मी आपली खुर्ची जरा मागं घेऊन बसले. मशीन माझी, म्हणजे अपडेट माझं, मध्ये काही झालं तर कुणीतरी हवंच ना जवळ. आणि खोटं कशाला बोलू, मला तो पेपर बघायचा होता. चार दिवस जिवाला घोर लावून घेतला होता मी त्याच्यासाठी.

गुरुजींनी कळफलकावर बोटं ठेवली आणि तशीच ठेवली. टाइप करेनात.

"काय झालं गुरुजी? अडकलं का?"

"नाही. छान चाललंय." मग म्हणाले, "ताई, तुमचे उपकार मी विसरणार नाही. पण तुम्हीही बाहेर. पेपर आहे."

पहिल्यांदा मला रागच आला. मी? मला बाहेर? सत्तावीस पॅकेजं कुणी आणली? तोंडापर्यंत आलं होतं. मग त्यांच्या चेहऱ्याकडं नजर गेली. ते ओशाळलेले नव्हते की विनवत नव्हते. परीक्षेच्या वेळी कुठलाही मास्तर कुणालाही बाहेर काढतो ना, अगदी तसा चेहरा होता. अकरा वर्षांत त्यांना तसा चेहरा करायची सोयच नव्हती.

मी उठले, पर्स घेतली, आणि बाहेर जाऊन दार माझ्या हातानं ओढून घेतलं. आतून मशीन काहीतरी बोलली. तेवढ्यात गुरुजींनी हेडफोन लावला असावा, कारण मग नुसता कळांचा आवाज येत राहिला.